खडे डबीत ठेवलेत, पण रिपोर्ट कुठे आहे?

तुमच्या घरी सोनोग्राफीचे जुने रिपोर्ट असतील. कुणाच्या तापाच्या वेळचे, कुणाच्या मुतखड्याच्या वेळचे. एखाद्या निवांत दुपारी ती पिशवी काढून बसा. प्रत्येक रिपोर्टात यकृताची माहिती संपली की 'गॉल ब्लॅडर' असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे पित्ताची पिशवी, पित्ताशय. त्यापुढच्या दोन-तीन ओळी तुम्हाला वाचायच्या आहेत.

बहुतेक घरांत होतं असं. सोनोग्राफी करतात मुतखड्यासाठी. औषध सुरू होतं, दुखणं थांबतं. त्याच कागदावर 'पित्ताशयात खडे' असंही लिहिलेलं असतं. पण ते दुखत नसतात, म्हणून त्यांची कुणी विचारपूस करत नाही. फाईल कपाटावर जाते. दहा-बारा वर्षं निघून जातात. मधूनमधून पोट फुगतं, तेलकट खाल्लं की उजव्या बरगडीखाली जड वाटतं. घरात म्हणतात, 'तिला पित्ताचा त्रासच आहे.'

आधी धीराची गोष्ट सांगतो. पित्ताशयात खडे असलेल्या बहुतेकांना कॅन्सर कधीच होत नाही. शंभर माणसांत पुढच्या सगळ्या आयुष्यात एखाद-दोघांना, फार तर तिघांना होतो. न दुखणारे खडे आहेत म्हणून लगेच ऑपरेशन करा, असं कुणी जबाबदार डॉक्टर सरसकट सांगत नाही. मीही सांगत नाही.

पण हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही बघा. ज्यांना पित्ताशयाचा कॅन्सर होतो, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या पिशवीत खडे सापडतात, आणि ते बहुधा बऱ्याच वर्षांचे असतात. खडा आतल्या नाजूक अस्तराला सतत घासतो. अस्तर सुजतं, भरून येतं, पुन्हा सुजतं. असं वर्षानुवर्षं चाललं की तिथल्या पेशींचं रूप बदलू लागतं. बदललेल्या पेशींचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे वेळ मिळतो. फक्त त्या वेळेत कुणाचं तरी लक्ष असायला हवं.

लक्ष द्यायचं आणखी एक कारण आहे. ही पिशवी यकृताला चिकटून असते आणि तिची भिंत अगदी पातळ असते. आतड्याच्या भिंतीत जितके थर असतात तितके तिच्यात नसतात. त्यामुळे गाठ भिंतीतून बाहेर पडली की थेट यकृतात शिरते. बाहेर पडेपर्यंत ती सहसा दुखत नाही. कावीळ होते, वजन उतरतं, जेवण जात नाही, तोवर बहुतेकदा ऑपरेशनची वेळ टळलेली असते.

आपल्या देशात हा कॅन्सर सगळ्यात जास्त दिसतो तो उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल आणि आसामच्या पट्ट्यात. महाराष्ट्रात तो त्या मानाने कमी आहे. कमी आहे म्हणूनच आपल्याकडे घरात कुणाच्या ध्यानीमनी नसतो. पण नागपूर हे रेल्वेचं जंक्शन आहे. पिढ्यान्‌पिढ्या उत्तरेकडून आलेली कुटुंबं इथे आहेत. बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याचे पेशंट रोज मेडिकलच्या ओपीडीत उभे असतात. तुमचं मूळ घराणं त्या पट्ट्यातलं असेल, किंवा घरात आई-मावशीला हा आजार झालेला असेल, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. विचारायची वाट बघू नका.

आता जास्त लक्ष कुणाकडे द्यायचं ते सांगतो. पन्नाशी ओलांडलेल्या बाया आधी, कारण पुरुषांपेक्षा बायांना हा कॅन्सर दुपटी-तिपटीने होतो. मग ज्यांचा खडा मोठा आहे ते. रिपोर्टात खड्याचं माप मिलीमीटरमध्ये असतं. 30 मिलीमीटर म्हणजे तीन सेंटिमीटर. अमेरिकेत 1983 साली छापून आलेल्या एका अभ्यासात, तीन सेंटिमीटरहून मोठा खडा असलेल्यांना एक सेंटिमीटरपेक्षा लहान खडा असलेल्यांच्या सुमारे दहापट धोका दिसला होता. म्हणून एवढा मोठा खडा दुखत नसला तरी सर्जनला दाखवून ठेवा. तसंच 'पॉलिप' हा शब्द असेल आणि त्याचं माप 10 मिलीमीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर साधारणपणे पिशवी काढायचाच सल्ला देतात. त्याहून लहान असेल तर ठरावीक महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून तो वाढतोय का ते बघतात. ही पुढची तारीख तुमच्या कागदावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेली तारीख घरी पोचेपर्यंत विसरते.

'वॉल थिकनिंग' म्हणजे भिंत जाड होणं. हे वाचून घाबरून जाऊ नका. पोटात अन्न असताना सोनोग्राफी केली तर पिशवी आकसलेली असते आणि भिंत जाड दिसते. म्हणून सहा-आठ तास उपाशी राहून करायला सांगतात. पावसाळ्यात नागपुरात डेंग्यू येतोच. डेंग्यूतही ही भिंत सुजते आणि माणूस बरा झाला की आपोआप उतरते. तेव्हा डेंग्यूच्या वेळी जाड दिसली असेल, तर महिना-दीड महिन्याने उपाशीपोटी पुन्हा एकदा सोनोग्राफी करा. सूज उतरलेली दिसली की विषय संपला. पण भिंत एकाच जागी जाड असेल, किंवा 'फोकल', 'इररेग्युलर' असे शब्द असतील, तर त्याला सूज म्हणून सोडून द्यायचं नाही. सीटी स्कॅन लागेल का, हे सर्जनला विचारायचं.

आता मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल बोलायचं आहे त्या शब्दाकडे येतो. 'वॉल कॅल्सिफिकेशन'. बोअरचं पाणी वापरून बादलीच्या कडेला पांढरा, टणक थर बसतो ना, तसा कॅल्शियमचा थर पित्ताशयाच्या भिंतीत बसतो. वर्षानुवर्षांच्या सुजेची ती खूण असते. भिंत कडक होते, ठिसूळ होते. डॉक्टर तिला 'पोर्सलीन गॉल ब्लॅडर' म्हणतात. असे पेशंट फार थोडे असतात. पण ज्याच्या रिपोर्टात हे लिहून येतं त्याची झोप उडते. कारण कुणीतरी मोबाईलवर शोधतं आणि सांगतं, 'याच्यात निम्म्याहून जास्त लोकांना कॅन्सर निघतो.'

ही भीती आली कुठून? 1960च्या दशकात अर्जेंटिनाच्या ब्युनोस आयर्समधून एक अहवाल आला. अशा कडक पिशव्या असलेले 26 पेशंट, त्यांतल्या 16 जणांना कॅन्सर. तो आकडा पुस्तकांत गेला आणि पुढे तीस-पस्तीस वर्षं तसाच चालला. मग 2001 साली अमेरिकेतून दोन अभ्यास आले. बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात पंचवीस हजारांहून जास्त पिशव्यांची तपासणी जमा होती. त्यांत भिंतीत कॅल्शियम असलेल्या 44 निघाल्या आणि कॅन्सर फक्त दोघींत होता. लॉस एंजेलिसच्या अभ्यासात अशा 15 पिशव्या होत्या, कॅन्सर एकीतही नव्हता. पुढे 2013 साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजणी झाली. ती शंभरात सहाच्या आसपास आली.

तेव्हा निम्म्या लोकांना कॅन्सर होतो, हे विसरून जा. पण शंभरात सहा हेही दुर्लक्ष करण्याइतकं थोडं नाही.

बोस्टनच्या त्या अभ्यासात आणखी एक उपयोगाची गोष्ट होती. कॅल्शियम पूर्ण भिंतीत सलग कवचासारखं बसलं होतं, त्या पिशव्यांत कॅन्सर नव्हता. ज्या दोघींत निघाला, त्यांच्यात ते अस्तरात तुकड्यातुकड्यांनी, ठिपक्यांनी बसलेलं होतं. याचं कारण समजायला सोपं आहे. सलग कवच झालेल्या पिशवीत आतलं अस्तरच बहुधा नष्ट झालेलं असतं. जिथे पेशी उरल्या नाहीत, तिथे बिघडणार काय? ठिपके असतात तिथे अस्तर जिवंत असतं आणि ते अजून घासलं जात असतं. म्हणून डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारा: 'कॅल्शियम सलग आहे की ठिकठिकाणी? आणि भिंतीवर कुठे गाठ किंवा उंचवटा दिसतो का?'

याचं उत्तर नुसत्या सोनोग्राफीतून नेहमी मिळत नाही. पिशवी खड्यांनी गच्च भरलेली असली तरी सोनोग्राफीत पांढरी रेघ आणि तिच्यामागे काळी सावली दिसते. कडक झालेली भिंतही थेट तशीच दिसते. दोहोंतला फरक सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट होतो. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी रिपोर्टाच्या शेवटी 'सीटी कोरिलेशन' असं लिहिलं असेल, तर ते उगाच नाही. सीटी करून घ्या.

समजा, मानेवाड्याकडच्या एका घरातल्या काकू आहेत. वय 61. बारा वर्षांपूर्वी तापात सोनोग्राफी झाली तेव्हा खडे दिसले होते. त्रास नव्हता, विषय मागे पडला. यंदा पाठदुखीसाठी सोनोग्राफी झाली. पाठीचं काही निघालं नाही. पण खाली लिहिलं होतं: पित्ताशय आकसलेलं, अनेक खडे, सर्वांत मोठा 31 मिलीमीटर, भिंतीत कॅल्सिफिकेशनची शंका. सून म्हणाली, पाठ तर नॉर्मल आहे. इथे फाईल पुन्हा कपाटावर जाऊ शकली असती. पण मुलाने जुना रिपोर्ट शोधला आणि दोन्ही कागद सर्जनपुढे ठेवले. बारा वर्षांपूर्वीच्या कागदावर सर्वांत मोठा खडा 14 मिलीमीटरचा होता आणि भिंत ठीक होती. एकट्या नव्या रिपोर्टातून हे कळलं नसतं.

सीटी झाली. भिंतीत ठिपके होते, गाठ दिसत नव्हती. वय फार नाही, हृदय ठीक, साखर आटोक्यात. सर्जनने पिशवी काढायचा सल्ला दिला. हा सल्ला योग्यच होता. काकू 85 वर्षांच्या आणि हृदयाने अशक्त असत्या, तर ऑपरेशनचा धोका आणि पिशवीचा धोका तोलून कदाचित नुसती नजर ठेवायचं ठरलं असतं. तेही चूक नसतं, फक्त पुढच्या तपासणीची तारीख ठरलेली असायला हवी.

ऑपरेशनच्या आधी अशा पेशंटने तीन गोष्टी बोलून घ्याव्यात. पहिली, कॅन्सरची थोडी जरी शंका असेल तर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना यकृताच्या शस्त्रक्रियेचा सराव आहे का? नसेल तर जिथे असेल तिथे पाठवा, असं म्हणायला संकोच करू नका. दुसरी, दुर्बिणीतून काढताना पिशवी फुटू नये आणि बाहेर काढताना ती प्लास्टिकच्या थैलीत घालून काढावी. पिशवीत कॅन्सर असला आणि पित्त पोटात सांडलं, तर त्याबरोबर पेशीही पसरतात. तिसरी गोष्ट सगळ्यात साधी, आणि तीच सगळ्यात जास्त राहून जाते. काढलेली पिशवी तपासायला पाठवणार ना?

या तिसऱ्या गोष्टीवर मी जरा थांबणार आहे.

आपल्याकडे ऑपरेशन झालं की नातेवाइकांच्या हातात एक छोटी डबी देतात. आत खडे असतात. पिवळे, काळे, कधी वाटाण्याएवढे, कधी सुपारीएवढे. ती डबी घरी येते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, मोजतात. आजाराचा पुरावा म्हणून ती वर्षानुवर्षं जपून ठेवतात. पण खड्यांत कॅन्सर नसतो. तो असलाच तर पिशवीच्या भिंतीत असतो. आणि भिंत तपासली की नाही, हे घरात कुणाला ठाऊकच नसतं.

खड्यांसाठी काढलेल्या पिशव्यांत अचानक कॅन्सर निघण्याचं प्रमाण थोडं आहे. ठिकाणानुसार हजारात दोनपासून शंभरात तीनपर्यंत. पण तो निघतो तेव्हा बऱ्याचदा सुरुवातीचा असतो, आणि तोच बरा होण्याजोगा असतो. सोनोग्राफीत दिसला नाही, सर्जनला हाताला लागला नाही, तरी सूक्ष्मदर्शकाखाली सापडतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: आपल्या देशात प्रत्येक काढलेली पिशवी तपासायला गेली पाहिजे. पिशवी फॉर्मलिनच्या द्रावणात घालून, नाव लिहून, पॅथॉलॉजी लॅबमध्ये पाठवतात. ऑपरेशनच्या बिलापुढे या तपासणीचा खर्च अगदी किरकोळ आहे.

यात चूक होते ती अशी. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पेशंट एक-दोन दिवसांत घरी जातो. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट यायला साधारण आठवडा लागतो. पेशंट तोवर गोंदियाला किंवा गडचिरोलीला परत गेलेला असतो. टाके गावातच काढतो. रिपोर्ट दवाखान्यात फाईलला लागतो. कुणाची नियत वाईट नसते. डॉक्टरांना वाटतं पेशंट येईल, पेशंटला वाटतं काही असतं तर बोलावलं असतं. 'काही कळवलं नाही म्हणजे नॉर्मलच असेल' असं धरून चालू नका. रिपोर्ट हातात घ्या. डिस्चार्ज घेतानाच विचारा, पिशवी कोणत्या लॅबमध्ये गेली आणि रिपोर्ट कोणत्या दिवशी मिळेल. तो घ्यायला कोण येईल तेही ठरवा. तिथला फोन नंबर फाईलच्या मुखपृष्ठावर लिहा.

काकूंकडे परत येऊ. त्यांचा रिपोर्ट आठव्या दिवशी आला. ठिपक्यांच्या जागी छोटी कॅन्सरची गाठ होती. सर्जनने त्यांना खुर्चीत बसवून समजावलं. अशा रिपोर्टात सगळ्यात महत्त्वाचं असतं, गाठ भिंतीत किती खोल गेली आहे ते. फक्त अस्तराच्या थरातच असेल आणि पिशवी धड निघाली असेल, तर झालेलं ऑपरेशनच बहुधा पुरतं. त्याला 'टी वन ए' म्हणतात. स्नायूच्या थरापर्यंत पोचली असेल तर 'टी वन बी'. तिथपासून पुढे दुसरं ऑपरेशन लागतं. त्यात पिशवीला लागून असलेला यकृताचा थोडा भाग आणि जवळच्या लसिकाग्रंथी काढतात. काकूंची गाठ स्नायूपर्यंत गेली होती.

दुसऱ्या ऑपरेशनची वेळही सांभाळावी लागते. अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांचा मिळून एक अभ्यास 2017 साली आला. पहिल्या ऑपरेशननंतर 4 ते 8 आठवड्यांत दुसरं झालं, त्या पेशंटांची तब्येत सर्वांत चांगली राहिली. अगदी घाईने नाही, आणि 'दिवाळी झाल्यावर बघू' असंही नाही. आता बघा, रिपोर्ट दोन महिने फाईलमध्ये पडून राहिला असता तर हा सगळा काळ तिथेच संपला असता.

असा रिपोर्ट तुमच्या घरात आला तर पहिली सोनोग्राफी, सीटी, ऑपरेशनची टिपणं आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट एकत्र घेऊन कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जा. नागपुरात तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, मिहानला एम्स आहे, मेडिकल आहे. दुसरं मत घ्यायचं असेल तर लॅबमधून 'ब्लॉक आणि स्लाइड' मागा. पिशवीचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात आणि काचपट्ट्यांवर जपून ठेवलेले असतात. ते दुसऱ्या डॉक्टरांना पुन्हा तपासता येतात. पैशांची काळजी असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेत काय बसतं ते पहिल्याच दिवशी विचारा. ऑपरेशन झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

एक गोष्ट टाळा. लिंबाचा रस आणि तेल पिऊन खडे पाडण्याचा उपाय कुणी ना कुणी सांगतंच. दुसऱ्या दिवशी शौचात हिरवे मऊ गोळे दिसतात आणि माणूस खूश होतो. ते खडे नसतात. तेल आणि रस पोटात मिळून झालेले साबणासारखे गोळे असतात. खडे पिशवीत जागच्या जागी असतात. पानफुटीचा पालाही लोक मुतखड्यासाठी खातात. पित्ताच्या खड्याशी त्याचा संबंध नाही. अशा उपायांत दोन-तीन वर्षं सहज जातात, आणि तेवढ्या वर्षांत सोनोग्राफी एकदाही होत नाही.

ज्यांची पिशवी आधीच काढून झाली आहे, त्यांनाही एक काम आहे. ऑपरेशनची फाईल उघडा आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आहे का बघा. नसेल तर त्या दवाखान्यात जाऊन मागा. पिशवी पाठवलीच नव्हती असं उत्तर मिळालं आणि ऑपरेशनला बरीच वर्षं होऊन तुम्ही ठणठणीत असाल, तर चिंता करायचं कारण नाही. ऑपरेशन गेल्या दोन-तीन वर्षांतलं असेल, तर एकदा डॉक्टरांना भेटून पोटाची सोनोग्राफी करून घ्या. दुर्बिणीच्या छिद्राच्या जुन्या व्रणाखाली कडक गाठ लागली, डोळे पिवळे झाले, लघवी गडद आणि शौच पांढुरकं झालं, किंवा कारण नसताना वजन उतरू लागलं, तर त्याच आठवड्यात दाखवा. जाताना जुनी फाईल सोबत न्या आणि पित्ताशय काढलेलं आहे हे आधी सांगा.